चर्चासत्राची सत्रपत्रिका: मांडणीचा खर्च किती, दुरुस्तीचा किती

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाने एक दिवसाचे चर्चासत्र ठरवले की खर्चाच्या यादीत मंडप, जेवण, पाहुण्यांचे मानधन, स्मरणिका हे सगळे येते. सत्रपत्रिका मात्र 'छपाई' या एका शब्दात गुंडाळली जाते. कोणत्या दालनात, किती वाजता, कोणत्या विषयगटात, कोण बोलणार याचा हा तक्ता. तो चुकला तर सत्राध्यक्ष एका खोलीत आणि निबंधवाचक दुसऱ्या खोलीत बसतात, आणि लातूरहून पहाटे निघालेल्या प्राध्यापकाला निबंध न वाचताच परत जावे लागते.

हे मार्गदर्शन संयोजकांसाठी आणि ज्या सहकाऱ्याच्या गळ्यात हे काम पडते त्याच्यासाठी आहे. तक्ता कसा बनवायचा, तो घरच्या घरी किती खर्चात होतो, डीटीपीवाल्याकडे दिला तर बिल कशाकशाचे लागते, आणि पैसे नेमके कुठे वाया जातात, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरणातले चर्चासत्र आणि त्यातले भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. भाव नांदेडला वेगळे, लोह्यात वेगळे आणि दुकानागणिकही वेगळे असतात. त्यामुळे तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घालून बेरीज करावी. हिशेबाची रीत तीच राहते.

मोठ्या संमेलनाकडून घ्यायचा धडा

आपल्या भागातले अलीकडचे मोठे उदाहरण म्हणजे उदगीरचे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. एप्रिल २०२२ मध्ये तीन दिवस चाललेल्या या संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे होते. अशा संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत मुख्य मंडपातल्या परिसंवाद-कविसंमेलनांबरोबरच कविकट्ट्यासारखी दुसरी व्यासपीठे समांतर चालू असतात. रसिकाला पत्रिका हातात घेऊन एवढेच पाहायचे असते की आता तीन वाजता माझ्यापुढे कोणते पर्याय आहेत. म्हणून तक्त्यात वेळ उभी खाली आणि व्यासपीठे आडवी असली की एक आडवी ओळ वाचून त्याचे काम होते.

महाविद्यालयाच्या चर्चासत्राला ही मांडणी जशीच्या तशी लागू पडते, पण एक फरक आहे. संमेलनात एका परिसंवादात चार-पाच वक्ते असतात आणि वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालते. चर्चासत्रात मात्र प्रत्येक निबंधाला दहा-बारा मिनिटे असतात, आणि प्रत्येक वाचकाला त्याच वाचनाचे प्रमाणपत्र हवे असते. चूक पाच मिनिटांची असली तरी ती थेट एका माणसावर जाऊन पडते.

आधी मिनिटांचा हिशेब

समजा, लोह्यातल्या एका महाविद्यालयात एकदिवसीय चर्चासत्र आहे. स्वीकारलेले निबंध ४२ आहेत: मराठीचे १७, इतिहासाचे १३ आणि वाणिज्य-अर्थशास्त्राचे १२. तीन दालने ठरली आहेत. साडेदहा ते बारा उद्घाटन, सव्वाबाराला पहिले सत्र, दीडला जेवण, अडीच ते चार दुसरे सत्र आणि सव्वाचारला समारोप.

पहिले सत्र ७५ मिनिटांचे आणि दुसरे ९० मिनिटांचे. सत्राध्यक्षांची ओळख करून द्यायला ५ मिनिटे आणि त्यांच्या समारोपाला १० मिनिटे वगळली तर निबंधांसाठी अनुक्रमे ६० आणि ७५ मिनिटे उरतात. एका निबंधाला १२ मिनिटे धरा: आठ वाचनाची, दोन प्रश्नांची आणि दोन पुढचा वाचक उठून पेनड्राइव्ह लावेपर्यंतची. या शेवटच्या दोन मिनिटांचा हिशेब बहुतेक पत्रिकांत नसतो, आणि म्हणूनच सत्रे लांबतात. बारा मिनिटांच्या मापाने पहिल्या सत्रात पाच आणि दुसऱ्यात सहा निबंध बसतात. एका दालनात दिवसाला ११, तीन दालनांत ३३. निबंध ४२ आहेत, म्हणजे नऊ जास्त.

इथे निर्णय घ्यावाच लागतो. वेळ नऊ मिनिटांवर आणली तर तीन दालनांत ४२ निबंध कागदावर बरोबर बसतात, पण त्यात एकही जागा मोकळी राहत नाही आणि वाचनाला जेमतेम पाच-सहा मिनिटे उरतात. दुसरा मार्ग चौथ्या दालनाचा. त्यात ४४ जागा होतात आणि दोन मोकळ्या राहतात. चौथ्या दालनासाठी आणखी एका सत्राध्यक्षाचे मानधन, प्रवास आणि प्रोजेक्टरचे भाडे लागेल. ते मिळून २,५०० रुपये धरा. नोंदणी शुल्क प्रत्येकी ५०० रुपये असेल तर नऊ वाचकांकडून ४,५०० रुपये आलेले आहेत. म्हणजे ज्यांच्याकडून शुल्क घेतले त्यांना नीट वेळ देण्याचा खर्च त्यांच्याच शुल्कातून निघतो. आपण चौथे दालन घेऊ.

हा हिशेब निबंध स्वीकारण्याच्या आधीच करून ठेवणे सगळ्यात स्वस्त. तुमच्याकडे ३३ जागा आहेत हे तेव्हाच माहीत असेल, तर ३४ व्या निबंधाला होकार देताना तुम्ही चौथ्या दालनाचाही विचार कराल.

उद्घाटनाच्याही ओळी करा

पत्रिकेत 'सकाळी १०.३० ते १२.०० उद्घाटन' एवढीच ओळ असते, आणि दिवसाची सगळी गडबड तिथूनच सुरू होते. उद्घाटन अर्धा तास लांबले तर पहिले सत्र पाऊण वाजता सुरू होईल. जेवणाची वेळ तीच ठेवली तर निबंधांना ३० मिनिटे उरतील, म्हणजे प्रत्येक दालनात दोनच निबंध. आपल्या उदाहरणात पहिल्या सत्रात १८ निबंध आहेत. त्यातले आठ होतील, दहा राहतील.

म्हणून उद्घाटनाचाही मिनिटवार तक्ता करा: दीपप्रज्वलन ५, स्वागत-सत्कार १५, प्रास्ताविक १०, बीजभाषण ३०, प्रमुख पाहुणे १५, अध्यक्षीय १०, आभार ५. बेरीज ९० मिनिटे. सत्कारांची यादी १५ मिनिटांत मावत नसेल तर ती इथेच, आठवडाभर आधी, प्राचार्यांपुढे ठेवता येते. कार्यक्रम सुरू असताना व्यासपीठावर चिठ्ठी पाठवून ते काम होत नाही. हा मिनिटवार तक्ता छापायचा नाही. तो सूत्रसंचालकाच्या हातात द्यायचा.

एक निबंध, एक ओळ

आता मुख्य काम. बहुतेक जण थेट वर्डमध्ये सुंदर चौकटी आखून त्यात नावे भरू लागतात. एखादे नाव हलले की तीन चौकटी बिघडतात, आणि एकच माणूस दोन ठिकाणी आला आहे का, हे डोळ्यांनी शोधावे लागते. त्याऐवजी गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये साधी लांब यादी करा. एका निबंधाला एक ओळ आणि ओळीत नऊ रकाने. A मध्ये निबंध संकेत, B मध्ये सुरू होण्याची वेळ, C मध्ये संपण्याची वेळ, D मध्ये दालन, E मध्ये विषयगट, F मध्ये वाचकाचा नोंदणी क्रमांक, G मध्ये शीर्षक, H मध्ये सत्राध्यक्षांचा क्रमांक आणि I मध्ये सत्र. ओळी अशा दिसतील:

| संकेत | सुरू | संपते | दालन | गट | वाचक क्र. | सत्र |
|---|---|---|---|---|---|---|
| म-०१ | 12:20 | 12:32 | १ | मराठी | 17 | १ |
| म-०२ | 12:32 | 12:44 | १ | मराठी | 08 | १ |
| इ-०१ | 12:20 | 12:32 | २ | इतिहास | 31 | १ |

निबंध संकेतात फक्त विषयगट आणि अनुक्रम ठेवा. दालन किंवा वेळ त्यात गुंफू नका. निबंध दुसऱ्या दालनात गेला तरी संकेत तोच राहिला पाहिजे, कारण तो वाचकाला पत्राने कळवलेला असतो आणि स्मरणिकेतही छापलेला असतो.

नावाऐवजी नोंदणी क्रमांक वापरण्याचे कारण व्यवहारातले आहे. एकच व्यक्ती एका ओळीत 'डॉ. शिंदे', दुसरीत 'शिंदे (डॉ.)' अशी येते, आणि संगणकाला ती दोन माणसे वाटतात. उलट एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षरांचे दोन प्राध्यापक नांदेड-लातूर भागात सहज सापडतात. क्रमांक एकच असतो. पूर्ण नाव वेगळ्या पानावर एकदाच लिहा, तेही नोंदणी अर्जात त्या व्यक्तीने स्वतः लिहिले तसेच. सत्राध्यक्ष नोंदणी करत नसतील, तरी त्यांनाही क्रमांक द्या. सहलेखकांची नावे प्रमाणपत्रासाठी वेगळ्या रकान्यात घ्या. वाचकाच्या रकान्यात प्रत्यक्ष बोलणारा एकच क्रमांक असावा.

वेळ लिहिताना एक चूक हमखास होते. आपण मराठीत 'दु. २.३०' असे टिंब देऊन लिहितो. शीटमध्ये 2.30 टाकले तर त्याचा अर्थ अडीच न होता 'दोन पूर्णांक तीस शतांश' होतो, आणि मग दुपारचे अडीच हे सकाळच्या साडेदहाच्याही आधी येतात. वेळ 14:30 अशी चोवीस तासांच्या पद्धतीने, अपूर्णविराम देऊन टाका. देवनागरी अंकांत टाकलेली वेळ शीटला वेळ न वाटता नुसता मजकूर वाटू शकते. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याची मांडणी तुम्ही बदललेली नसेल तर खरी वेळ उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. रकाना वरून खाली पाहा. डावीकडे चिकटलेली नोंद दिसली की ती दुरुस्त करा. छापताना मात्र 'दु. २.३०' असेच छापा, वाचणाऱ्याला तेच सोयीचे.

टक्कर शोधणारी तीन सूत्रे

४२ ओळी भरून झाल्यावर तीन प्रश्नांची उत्तरे शीटकडूनच घ्या. पहिला प्रश्न: एका दालनात एकाच वेळी दोन निबंध आले आहेत का? J रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=SUMPRODUCT(($D$2:$D$43=D2)*($B$2:$B$43<C2)*($C$2:$C$43>B2))
```

प्रत्येक ओळ स्वतःला एकदा मोजते, म्हणून उत्तर 1 आले तर ठीक. 2 किंवा जास्त आले तर त्या दालनात टक्कर आहे. दुसरा प्रश्न: एकाच वाचकाला एकाच वेळी दोन ठिकाणी बोलायचे आहे का? त्याच सूत्रात D च्या जागी F घालून ते K रकान्यात टाका. इथेही 1 म्हणजे ठीक.

तिसरा प्रश्न बरेच जण विसरतात. सत्राध्यक्ष स्वतः त्याच वेळी दुसऱ्या दालनात निबंध वाचणार आहेत का? बाहेरगावचे सत्राध्यक्ष बहुधा निबंधही घेऊन येतात, म्हणून ही टक्कर नेहमीची आहे. L रकान्यात हे सूत्र टाका:

```
=SUMPRODUCT(($F$2:$F$43=H2)*($D$2:$D$43<>D2)*($B$2:$B$43<C2)*($C$2:$C$43>B2))
```

या सूत्राचे उत्तर प्रत्येक ओळीत 0 हवे.

एक सावधगिरी घ्या. पुढची वेळ काढण्यासाठी 'आधीची वेळ अधिक १२ मिनिटे' असे गणित शीटलाच करायला लावले, तर दशांशाच्या अगदी सूक्ष्म फरकाने कधी कधी नसलेली टक्कर दिसते. वेळा हाताने टाइप केल्या तर हा प्रश्न येत नाही. ४२ ओळींना त्याला फार वेळ लागत नाही.

सूत्रे माणसांच्या अडचणी मात्र सांगत नाहीत. त्या नोंदणी अर्जातच विचारून घ्याव्या लागतात: कुठून येणार, किती वाजेपर्यंत पोहोचणार, किती वाजता निघावे लागेल. लोह्यात रेल्वे नाही. दूरचा पाहुणा नांदेडला उतरून पुढे रस्त्याने येतो, आणि परतीची गाडीही त्याला नांदेडहूनच धरायची असते. त्यामुळे अशा पाहुण्याला समारोपाला बसवण्यापूर्वी त्याच्या गाडीची वेळ विचारा. लातूर-अहमदपूरकडून सकाळच्या एसटीने येणाऱ्या वाचकांना दुसऱ्या सत्रात ठेवा, मुक्कामी असलेल्यांना आणि लोहा-कंधारच्या मंडळींना पहिल्या सत्रात. तारीख ठरवतानाही एक गोष्ट बघा. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते तेव्हा नांदेड-लातूर रस्त्यावर मोठी गर्दी असते. त्या आठवड्यात तक्ता कितीही नीट असला तरी माणसे वेळेवर पोहोचत नाहीत.

विषयगट दालनांत बसवताना

नियम एकच ठेवा: एक विषयगट शक्यतो दिवसभर एकाच दालनात. इतिहासाच्या माणसाला जेवणानंतर दालन शोधत फिरावे लागू नये. आपल्या उदाहरणात दालन १ मराठीला, २ इतिहासाला आणि ३ वाणिज्य-अर्थशास्त्राला दिले, तर प्रत्येकी ११ निबंध तिथे बसतात. उरतात मराठीचे सहा, इतिहासाचे दोन आणि वाणिज्याचा एक. मराठीचे सहा निबंध दालन ४ मध्ये दुसऱ्या सत्रात बरोबर बसतात. बाकीचे तीन पहिल्या सत्रात, आणि तिथे दोन जागा मोकळ्या राहतात.

| | दालन १ | दालन २ | दालन ३ | दालन ४ |
|---|---|---|---|---|
| सत्र १, दु. १२.१५ ते १.३० | मराठी (५) | इतिहास (५) | वाणिज्य (५) | संमिश्र (३) |
| सत्र २, दु. २.३० ते ४.०० | मराठी (६) | इतिहास (६) | वाणिज्य (६) | मराठी (६) |

हे तीन उरलेले निबंध कोणते, इथे संयोजकाची खरी कसोटी लागते. यादीच्या शेवटचे तीन उचलून चौथ्या दालनात टाकले तर ते सत्र अनाथ होते. त्याऐवजी दोन्ही गटांची शीर्षके वाचा. आठवडी बाजार, जनावरांचा बाजार, जुन्या बाजारपेठा असे विषय इतिहासातही येतात आणि अर्थशास्त्रातही. असे तीन निबंध एकत्र आणले तर 'बाजार: इतिहास आणि अर्थकारण' असे नाव देता येते, आणि श्रोते आपणहून येतात. मराठीच्या सहांचेही तसेच करा. कविता, लोकसाहित्य किंवा बोली यांपैकी एखाद्या सूत्रात बसणारे सहा निवडा.

दोन मोकळ्या जागा भरून टाकू नका. आयत्या वेळी पोहोचलेल्या वाचकासाठी त्या लागतात. आणि एखादा वाचक आलाच नाही तर त्याच्या बारा मिनिटांत चर्चा घ्या, पुढचा निबंध आधी ओढू नका. समांतर सत्रांत दुसऱ्या दालनातले लोक पत्रिकेतली वेळ पाहून निबंध ऐकायला येतात. निबंध आधीच उरकला असेल तर त्यांची फेरी वाया जाते. ही सूचना प्रत्येक सत्राध्यक्षाला लेखी द्या.

लांब यादीवरून हा चौकोनी तक्ता हाताने पुन्हा टाइप करायचा नाही, कारण नक्कल करतानाच चुका शिरतात. N रकान्यात सत्र आणि पहिल्या ओळीत O पासून दालने लिहून O2 मध्ये हे सूत्र टाका आणि बाकीच्या चौकटींत ओढा:

```
=IFERROR(TEXTJOIN(CHAR(10),TRUE,FILTER($A$2:$A$43,($I$2:$I$43=$N2)*($D$2:$D$43=O$1))),"")
```

ज्या सत्रात, ज्या दालनात जे निबंध आहेत त्यांचे संकेत एकाखाली एक येतात. यादी आधी वेळेप्रमाणे लावून घ्या म्हणजे क्रमही बरोबर येईल. गूगल शीट्समध्ये हे चालते. जुन्या एक्सेलमध्ये FILTER नसते. तिथे फाइल गूगल शीट्सवर चढवून काम करा.

खर्च: घरी आणि दुकानात

घरी काम केले तर मांडणीला पैसे लागत नाहीत, फक्त एका माणसाचा वेळ लागतो. १५० जण येणार असतील तर २० जादा धरून १७० प्रती काढा. एका ए-४ कागदावर पुढे चौकोनी तक्ता आणि मागे निबंधांची यादी घेतली, पाठपोट झेरॉक्स तीन रुपये धरली, तर ५१० रुपये. प्रत्येक दालनाच्या दारावर त्या सत्राची ए-३ पत्रिका हवी. चार दालने, दोन सत्रे, आठ कागद, वीस रुपयांप्रमाणे १६०. प्रवेशद्वारावर सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स, म्हणजे २४ चौरस फूट, पंधरा रुपये दराने ३६०. एकूण १,०३० रुपये.

दुकानात काम दिले तर बिलाचे भाग वेगळे पडतात. चार पानांची रंगीत घडीची पत्रिका धरू. मांडणी पानाला १५० प्रमाणे ६००, मुखपृष्ठाची सजावट ५००, रंगीत छपाई १७० प्रती २५ रुपयांप्रमाणे ४,२५०. दुसऱ्या प्रुफानंतर प्रत्येक फेरीला पानामागे ५० रुपये दुरुस्ती आणि अशा तीन फेऱ्या झाल्या तर ६००. बेरीज ५,९५०. फ्लेक्स आणि दारावरचे कागद धरून ६,४७०.

या बेरजेतल्या दोन आकड्यांकडे नीट पाहा. तीन फेऱ्यांच्या दुरुस्तीला ६०० रुपये लागले, म्हणजे मूळ मांडणीइतकेच. आणि छापल्यानंतर टक्कर सापडली तर ४,२५० रुपयांची छपाई पुन्हा करावी लागेल. ती टक्कर आधी शोधणारी सूत्रे फुकट आहेत. म्हणून रंगीत पत्रिका काढायचीच असेल तर तिच्यात न बदलणारा मजकूर घ्या: उद्घाटन, बीजभाषण, दालनांचा नकाशा, संयोजन समिती. निबंधवार तक्ता वेगळ्या झेरॉक्स कागदावर आदल्या संध्याकाळी काढून आत घाला. शेवटच्या क्षणी नाव बदलले तर ५१० रुपयांचेच काम पुन्हा करावे लागते.

झेरॉक्स धरून चालायचे तर रंगांवर अवलंबून राहता येत नाही. पडद्यावर मराठी केशरी आणि इतिहास हिरवा छान दिसतो, पण काळ्या-पांढऱ्या प्रतीत दोन्ही सारखेच करडे होतात. विषयगट संकेतातल्या अक्षरावरून कळला पाहिजे. रंग दिला तर तो जादाची सोय म्हणून द्या.

फॉन्टचा छुपा खर्च

आपल्याकडे निबंधांची शीर्षके तीन-चार प्रकारच्या फॉन्टमध्ये येतात. कोणी युनिकोडमध्ये पाठवतो, कोणी कृतिदेवमध्ये, कोणी श्रीलिपीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर शीटमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. दुकानदार ते पुन्हा टाइप करून देतो आणि त्याचे पैसे लावतो. नोंदणी गूगल फॉर्मवर घेतली आणि शीर्षक तिथेच भरायला लावले, तर बहुतेक जण मोबाइलवर टाइप करतात. मोबाइलवरचे मराठी युनिकोडमध्येच असते, त्यामुळे हा खर्च टळतो.

कन्व्हर्टरने मजकूर बदलून घेतला असेल तर सगळे शब्द सारख्या काळजीने तपासण्याची गरज नाही. चुका बहुधा रफार, रकार आणि जोडाक्षरांत होतात. 'कार्य', 'राष्ट्रीय', 'वऱ्हाड', 'ऱ्हास', 'प्रश्न' असे शब्द शोधून शोधून वाचा. दुकानात फाइल देतानाही विचारा की काम कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये होणार. पेजमेकर युनिकोड मराठी घेत नाही. इनडिझाइन घेते, पण त्यात परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडलेला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरे फुटतात. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तक्त्याची पीडीएफ तुम्हीच बनवून द्यावी आणि दुकानाने ती फक्त छापावी. प्रूफ मोबाइलवर न बघता कागदावर काढून, यादी वाचणारा एक आणि प्रूफ पाहणारा दुसरा, असे दोघांनी मिळून तपासावे.

त्याच यादीतून प्रमाणपत्रे

एकदा ही यादी पक्की झाली की ती पुन्हा उपयोगी पडते. तिच्या प्रतीत नोंदणी क्रमांकावरून पूर्ण नावे आणली, सहलेखकांना स्वतंत्र ओळी दिल्या आणि ती वर्डच्या मेलमर्जमध्ये जोडली तर ४२ वाचकांची आणि सहलेखकांची प्रमाणपत्रे नाव, शीर्षक, सत्रासह तयार होतात. पत्रिकेतले शीर्षक आणि प्रमाणपत्रावरचे शीर्षक वेगळे निघाले तर प्राध्यापकाला कागदपत्रे सादर करताना त्रास होतो, आणि दोन-दोन वर्षांनी महाविद्यालयाला दुरुस्तीची पत्रे द्यावी लागतात. दोन्हींचा उगम एकच असेल तर ही वेळ येत नाही. यादीत 'उपस्थित' असा आणखी एक रकाना ठेवा. सत्र संपल्यावर सत्राध्यक्षांच्या सहीच्या कागदावरून तो भरा, आणि ज्यांनी खरोखर निबंध वाचला त्यांचीच वाचनाची प्रमाणपत्रे काढा.

कोटेशन मागताना विचारायचे प्रश्न

१. पानाच्या दरात किती प्रुफे धरली आहेत, आणि त्यापुढच्या दुरुस्तीचा दर किती?

२. मजकूर युनिकोडमध्ये दिला तर टायपिंगचे पैसे वजा होतील का?

३. भाव जीएसटी धरून आहे की वेगळा लागेल?

४. कमीत कमी किती प्रती छापाव्या लागतात, आणि नंतर पन्नास जादा लागल्या तर दर काय?

५. काम झाल्यावर मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही मिळतील का?

उत्तरे तोंडी घेऊ नका, कोटेशनवरच लिहून घ्या. दोन दुकानांची कोटेशने ताडताना खालची बेरीज पाहण्याआधी दुरुस्तीचा दर पाहा, कारण पानाचा दर कमी ठेवून दुरुस्तीत वसूल करणारे बिल शेवटी जास्त होते.

आमचे मत स्पष्ट आहे. पन्नासेक निबंधांपर्यंतच्या चर्चासत्राला विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही आणि तक्त्यासाठी दुकानही लागत नाही. एक यादी, तीन सूत्रे आणि झेरॉक्स यांवर काम भागते. दोन-तीन दिवसांचे, शंभरावर निबंधांचे अधिवेशन असेल तर दुकान जरूर गाठा, पण तपासून झालेली यादी सोबत घेऊनच जा. आणि कोणत्याही आकाराचे चर्चासत्र असो, बदल स्वीकारण्याची शेवटची तारीख चार दिवस आधीची ठेवा. ती निमंत्रणातच छापा, आणि त्यानंतर आलेला फोन प्राचार्यांचा असला तरी नवे नाव फक्त मोकळ्या ठेवलेल्या जागेतच घाला.